तर्जुम्याच्या गठ्ठ्यातला अर्ज

ती नोटीस माझ्या अक्षरात होती आणि तिला दिलेलं उत्तरही माझ्याच अक्षरात होतं. कचेरीत असं कधीमधी होतं, कारकुनाचा हात कुणाचाही असतो. पण या दोन्ही कागदांच्या मधे एक तिसरा कागद होता आणि तो माझ्या मेजाच्या खालच्या खणात पडून होता. त्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही.

मी तेव्हा जिंतूरच्या तहसील कचेरीत होतो. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पाट्या बदलल्या होत्या, माणसं तीच होती. पेशकारांना आता अव्वल कारकून म्हणायचं असा हुकूम आला होता, पण ते स्वतःसुद्धा स्वतःला पेशकारच म्हणत. तहसीलदार मात्र खरोखर नवे होते, नगरकडचे. कामाला चोख, बोलायला कमी. त्यांना उर्दूचं अक्षरही वाचता येत नसे. उर्दू कागद समोर आला की ते तो दोन बोटांनी उचलत आणि म्हणत, “हा उजवीकडून लिहिलेला कागद कुणाचा?”

त्यांच्याच हुकुमाने सगळा पत्रव्यवहार मराठीत करायचा ठरलं होतं. पण खेड्यांतल्या जुन्या नोकरांची सगळी हयात उर्दूत गेलेली. त्यांचे कागद येतच राहिले. मी शाळेत उर्दू शिकलेलो, मराठी अक्षरही बरं, म्हणून त्या कागदांचा मराठी तर्जुमा करायचं काम माझ्याकडे आलं. कचेरीत मला ‘तर्जुमेवाले’ म्हणत. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

एक पद्धत आमच्यात आपोआप पडली होती. आवक नोंदवहीवरचा कारकून परभणीच्या मराठी शाळेतून आलेला. कागद उर्दूत असला तर त्याला विषय काय लिहावा ते कळेना. तो म्हणे, आधी तर्जुमा जोडा, मग नंबर टाकतो. ते सोयीचं होतं. त्यामुळे उर्दू कागद यायचा तो सरळ माझ्या मेजावर, तिथून खालच्या खणातल्या गठ्ठ्यात, आणि तर्जुमा झाला की मग नोंदवहीत. मधल्या दिवसांत त्या कागदावर ना नंबर, ना शिक्का. कचेरीच्या लेखी तो आलेलाच नसे. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

दर शनिवारी बाकी कामाचा तक्ता तहसीलदारांपुढे जाई. ‘तर्जुमा बाकी’ या रकान्यात मी बहुतेक वेळा ‘निरंक’ लिहीत असे. तीन-चार कागद असले तरी निरंक. रविवारी बसून संपवू, असा हिशेब. माझी नोकरी अजून हंगामी होती आणि मला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी परभणीला जायचा होता.

चारठाण्याचे गिरदावर, म्हणजे आठ-दहा गावांच्या पटवाऱ्यांवर देखरेख करणारे अधिकारी, पन्नाशीला आलेले होते. मूळचे शेतकरी घरातले. उर्दू शाळेत शिकून निजामी अमलात नोकरीला लागले आणि एकोणीस वर्षं त्यांनी गावोगाव घोड्यावर काढली. बोलणं आमच्या बाजूचं, रांगडं. लिहिणं मात्र इतकं नाजूक की वाटावं दुसऱ्याच कुणाचा हात आहे. मराठी अक्षर काढताना ते पहिलीतल्या मुलासारखे ओठ हलवत. त्यांचे कागद मी वाचायच्या आधी जरा वेळ नुसते बघत असे.

तर एका मंगळवारी दुपारी चारठाण्याचा कोतवाल आला आणि घडी घातलेला एक कागद माझ्या हातात देऊन गेला. येलदरीच्या धरणात जाणाऱ्या जमिनींचे तक्ते पुढ्यात पसरले होते, परभणीहून ताकीद आली होती. मी कागदाच्या पाठीवरचं अक्षर ओळखलं, कोतवालाला पाणी प्यायला सांगितलं आणि कागद न उघडता खणात टाकला. नेहमीची काही माहिती असेल, असं वाटलं. शनिवारी तक्त्यात निरंक लिहिलं. रविवारी कचेरीत जायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या बुधवारी तहसीलदार अचानक चारठाण्याकडे गेले. रब्बीच्या आणेवारीची पाहणी होती, ज्वारी किती आणे पिकली ते गावात उभं राहून ठरवायचं. गिरदावर जाग्यावर नाहीत. आदल्या आठवड्यातल्या सोमवारपासूनच नाहीत. पटवारी म्हणाला, लेकीकडे गेलेत म्हणे. तहसीलदार परत आले, गुरुवारी सकाळी त्यांनी आवकच्या कारकुनाला रजेचा अर्ज आहे का विचारलं. त्याने वही उलटसुलट पाहून नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. मग त्यांनी मला बोलावलं, कारण माझं अक्षर बरं.

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आपण सोमवारपासून आजतागायत विनापरवानगी मुख्यालय सोडून कामावर गैरहजर आहात. त्यामुळे सरकारी कामाचा खोळंबा झाला. याबद्दल आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याची कारणे नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी दाखवावीत. मुदतीत खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कारवाई केली जाईल.

‘सोमवारपासून’ हा शब्द लिहिताना मला मंगळवारचा कोतवाल आठवला. नंतर आठवलं असं नाही. त्याच ओळीला आठवलं. मी दौत जरा पुढे सरकवली आणि पुढचं वाक्य लिहिलं. “साहेब, एक कागद खणात आहे” एवढंच म्हणायचं होतं. पण पाच दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर मी निरंक ठेवलं होतं, आणि त्यांनी विचारलंही होतं, “खरंच निरंक ना?” मी हो म्हणालो होतो.

सगळे जेवायला गेल्यावर मी खण उघडून तो कागद वाचला. रुखसतीचा, म्हणजे रजेचाच अर्ज होता. मुलगी बोरीला सासरी बाळंत झाली, चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला, ओळखत नाही, तरी रुखसत मिळावी, आणि मंजुरीला थांबता येत नाही याची माफी असावी. घाईतही ओळ कुठे वाकडी गेली नव्हती. मी कागद होता तसा घडी घालून परत ठेवला.

गिरदावर शनिवारी परतले. नोटीस त्यांना चावडीत मिळाली आणि सोमवारी ते जिंतूरला आले ते सरळ माझ्याकडे. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी मुलीचं विचारलं. म्हणाले, वाचली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात नऊ दिवस होती, आता शुद्धीवर हाय, पोरगंबी बरं हाय. मग त्यांनी खिशातून नोटीस काढून माझ्यापुढे धरली.

“तुमचंच अक्षर हाय,” ते म्हणाले. “म्हणून म्हटलं, जबाबबी तुमच्याच हातनं जाऊ द्या. आमचं मराठी तुमाला ठाऊक हाय.”

आम्ही कचेरीच्या मागच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी जबाब मनात तयार करून आणला होता. जुन्या दरबाराची रीतच तशी होती. वरून कागद आला की खालच्याने आधी वाकायचं, मग बोलायचं. फिदवी से कसूर हुआ, माफ फरमाया जाए, आइंदा ऐसा न होगा. म्हणजे या सेवकाकडून चूक झाली, माफी असावी, पुन्हा होणार नाही. यात खरं-खोटं कुणी बघत नसे. तो आदाबाचा भाग, पत्राच्या शेवटी ‘आपला नम्र’ लिहावं तसा. हाकिम तेवढ्याने निवायचा आणि कागद दाखल व्हायचा.

“असं लिहा,” ते म्हणाले, “की माझ्याकडून कसूर झाला, मी कबूल करतो, माफी असावी. बस. लंबं काही नको.”

मला मोकळं वाटलं. असा जबाब गेला की अर्जाचा शोध कोण घेणार? मी म्हणालो, हेच बरं. साहेब कडक आहेत, वाद नको. लांबवलं तर चिडतील. हे मी अगदी जिव्हाळ्याने म्हणालो. मसुदा लिहायलाही घेतला. ‘कसूर कबूल’ एवढं लिहून झालं होतं.

पेशकार पान खायला ओसरीवर आले. आमच्या कचेरीत कायदा पाठ असलेला माणूस तेवढा एकच. त्यांनी उभ्याउभ्याच माझ्या खांद्यावरून वाचलं.

“काय हो तर्जुमेवाले, गिरदावरांना घरी बसवायचा विचार आहे का?”

मी वर पाहिलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता समजावून सांगितलं. आता मुंबईचे नियम. इथे कबूल म्हणजे कबूल, त्याला आदाब म्हणत नाहीत. विनापरवानगी गैरहजेरी एकदा मान्य केली की ते दिवस रजेत बसत नाहीत. नोकरीत खंड पडतो. खंड पडला की मागची एकोणीस वर्षं पेन्शनीला धरायची की नाही हे परभणीचे साहेब ठरवणार, आणि हैदराबादच्या जुन्या नोकरांच्या बाबतीत तिकडे आधीच कुरबूर आहे. नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या लावणं चालूच आहे.

गिरदावर नोटीस मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, “पेशकारसाहेब, मग काय लिहावं?”

“जे झालं ते लिहा. वारवार लिहा. जे चुकलं तेवढ्याचाच खेद लिहा, त्याच्या पुढे एक शब्द नको. जे चुकलं नाही ते मान्य नाही म्हणून लिहा. आणि रडू नका.” ते पान तोंडात टाकून आत निघून गेले.

मी ‘कसूर कबूल’ खोडलं. गिरदावर सांगू लागले. त्यांना मराठी धड लिहिता येत नसे, पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं त्यात मला फक्त बोलीचे शब्द तेवढे बदलावे लागले. मजकूर मला अजून पाठ आहे.

“आपली नोटीस मिळाली. खुलासा सादर करतो. सोमवारी सकाळी बोरीहून निरोप आला, की माझी मुलगी बाळंतपणानंतर तापाने बेशुद्ध आहे. त्याच वेळी रजेचा अर्ज लिहून तो गावच्या कोतवालाबरोबर कार्यालयाकडे रवाना केला व मी बोरीस गेलो. तेथून मुलीस परभणीच्या सरकारी दवाखान्यात दाखल केले. दवाखान्याचा दाखला सोबत जोडला आहे. शनिवारी मी कामावर रुजू झालो.

“मंजुरीची वाट न पाहता मी मुख्यालय सोडले, हे खरे आहे. त्यामुळे पाहणीच्या कामात अडचण आली, याबद्दल मला खेद वाटतो. परंतु मी न कळवता गैरहजर राहिलो, हे मला मान्य नाही.”

इथे ते थांबले. ओसरीसमोरच्या लिंबाखाली कुणाचं तरी घोडं बांधलं होतं, त्याच्याकडे बघत राहिले.

“कोतवाल म्हनतो, चष्मेवाल्याच्या हातात दिला,” ते म्हणाले. “त्याला पाणीबी पाजलं म्हणे.”

कचेरीत चष्मा लावणारे आम्ही तिघं होतो. पाणी पाजणारे किती होते, कुणास ठाऊक. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला आज वाटतं, ते मुद्दामच बघत नव्हते. मला बोलायला जागा देत होते.

मग ते म्हणाले, “लिहा पुढं. अर्ज मंगळवारी कार्यालयात पोहोचला आहे. अर्ज उर्दूत हाय म्हणून त्याची नोंद व्हायची राहिली असंल, तर तर्जुमा न झालेले कागद बघायची आज्ञा व्हावी.”

माझा टाक थांबला.

“लिहा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “यात कुनाचं नाव न्हाई.”

मी लिहिलं. शेवटी, हे दिवस माझ्या शिल्लक रजेत धरून नोटीस रद्द करावी अशी विनंती, आणि खाली त्यांची सही. कागद मीच आत नेऊन दिला. त्याला त्याच दिवशी नंबर पडला, कारण तो मराठीत होता.

पुढचे दोन दिवस तो अर्ज मी सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो. घरी नेला, सकाळी परत आणला. पाणी तापवायच्या चुलीपुढे एकदा उभा राहिलो होतो, हे लिहितोच. कागद जाळला नाही त्यात माझा काही मोठेपणा नाही. एवढं देखणं अक्षर चुलीत घालायला हात धजला नाही, एवढंच. बुधवारी सकाळी तो मी पुन्हा खणातल्या गठ्ठ्यात, मधोमध, घालून ठेवला.

दुपारी तहसीलदारांनी बोलावलं. गिरदावर आधीच तिथे उभे होते. साहेबांपुढे खुलासा होता. त्यांनी दवाखान्याचा दाखला वाचून बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, तर्जुमा न झालेले कागद घेऊन या. मी चार कागद आणून ठेवले. निरंकचा तक्ता त्यांना आठवला असणार. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “वाचा, यात यांचा आहे का?”

मी तो काढला. तारीख त्यांनी जुन्या सवयीने फसली, म्हणजे निजामी अमलातल्या कालगणनेच्या, महिन्यातली घातली होती. त्या खोलीत ती वाचू शकणारे दोघंच होतो, मी आणि गिरदावर. आणि मी काहीही वाचलं असतं तरी गिरदावर साहेबांपुढे मला खोटं पाडतील असं मला वाटत नव्हतं. ते मान खाली घालून उभे होते.

मी तारीख नीट वाचली. तिची इंग्रजी तारीख काढून सांगितली. वार सोमवार. मग सगळा अर्ज मराठीत वाचून दाखवला. साहेबांनी कागद हातात घेतला, फिरवून पाहिला.

“सोमवारी लिहिलाय हे ठीक,” ते म्हणाले. “कचेरीत आला कधी?”

“पोचीचा शिक्का नाही साहेब,” मी म्हणालो. “सांगता येत नाही.”

शिक्का नव्हता, हे खरं होतं. पुढचं वाक्य खोटं होतं. दोन्ही मी एका श्वासात म्हणालो.

साहेबांनी गिरदावरांना विचारलं, कोतवालाने कुणाच्या हाती दिला? गिरदावर म्हणाले, “हापिसात दिला, साहेब.” त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेवढंच सांगितलं.

हुकूम दोन दिवसांनी झाला. दवाखान्याचा दाखला आणि अर्जाची तारीख पाहता रजा मंजूर. नोटीस दप्तरी दाखल. नोकरीत खंड नाही. पेशकार खूश झाले. ओसरीवर म्हणाले, बघा, न रडता लिहिलं की असं होतं. पण हुकुमाला शेपूट होतं. अर्ज वेळेवर कार्यालयात पोहोचल्याचे सिद्ध होत नाही. सबब यापुढे मराठीत अर्ज करून मंजुरी मिळाल्याखेरीज मुख्यालय सोडू नये, अशी लेखी समज देण्यात येते व तिची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. मलाही बाकी कागदांबद्दल साहेब बोलले, पण तोंडी. तोंडी बोलण्याची नोंद कुठे होत नाही. चैत्रात माझा कायमचा हुकूम आला. गिरदावरांचं नाव पुढच्या वर्षीच्या नायब तहसीलदारांच्या यादीत आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ते गिरदावर म्हणूनच निवृत्त झाले. त्या समजेमुळेच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिच्यामुळे नाही, असंही म्हणवत नाही.

आपण तारीख खरी वाचली, यावर मी पुढे बरीच वर्षं काढली. माणसाला स्वतःपुढे ठेवायला काहीतरी लागतं. मोहाच्या वेळी मी खरं वाचलं, असं मी मनाशी म्हणत असे. पण तारखेने माझं काही जाणार नव्हतं. जिथे माझं जाणार होतं तिथे मी शिक्क्याच्या आड गेलो.

सेवापुस्तकातली नोंद मीच घेतली. गिरदावर त्यावर सही करायला आले तेव्हा मी पुस्तक त्यांच्याकडे फिरवून ठेवलं. ते ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

“‘सिद्ध होत नाही’ म्हंजी?”

मी तर्जुमा केला. म्हणालो, साबित होत नाही.

“हां,” ते म्हणाले. “साबित कोन करनार होतं?”

ते स्वतःशी बोलत नव्हते, मलाच विचारत होते, हे माझ्या लक्षात आलं; मी न आल्यासारखं केलं आणि टाक बुडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मराठीत सही केली, एकेक अक्षर सावकाश काढून. मग विचारलं, नीट आली का? मी हो म्हणालो. त्यांनी मुलीकडून आणलेल्या शेंगांची पुरचुंडी माझ्या मेजावर ठेवली आणि ते घोड्याकडे निघून गेले.

गिरदावर वारले, त्याला आता चार वर्षं झाली. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. मंगळवारी दुपारी तो अर्ज माझ्या हातात आला होता. कोतवालाला पाणी मी पाजलं होतं.